सहाची विरार आणि साहेबांचे निदान

विरारचा कारकून सहाच्या ठोक्याला फाईल मिटून चर्चगेट स्टेशन गाठतो, तेव्हा साहेबांना त्याची निष्ठा आटल्याचा साक्षात्कार होतो. पुढे साठेक किलोमीटरचा प्रवास असतो, जलद लोकललाही सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो, आणि दारात लटकून मेलला उत्तर द्यायला तिसरा हात लागतो. निघण्याची वेळ हा पुरावाच नव्हे. सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये कामाबाहेरच्या वेळेत फोन न उचलण्याच्या हक्काचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले, तेही कामचुकारांसाठी नव्हते. पुरावा शोधायचा तो दहा ते सहाच्या आत. मर्यादा घालणारा सांगतो, ‘हे उद्या सकाळी अकरापर्यंत देतो’, आणि देतो. ताळेबंदात चूक निघाली तर चरफडतो. मन काढून घेतलेला कशालाच नाही म्हणत नाही. बेरीज पडताळत नाही, बैठकीत मान डोलावतो, आणि रविवारी अर्नाळ्याला जाऊन आला तरी सोमवारी तितकाच रिकामा असतो.

कोणी म्हणेल, नोकरीची शाश्वती नसलेल्याने मर्यादा उघड सांगायची कुठल्या तोंडाने? खरे आहे, म्हणून नुसत्या गप्प बसण्यावरून निकाल देऊ नये. पण विश्रांतीने उमेद परतते का, चूक अजून बोचते का, हे तो स्वतःला तरी विचारू शकतो. साहेबांची अडचण वेगळी आहे. मन उडालेला माणूस साडेआठपर्यंत खुर्चीत बसून राहतो, आणि वार्षिक अहवालात त्याच्याच नावापुढे ‘समर्पित’ असा शेरा पडतो.