कुणाचे नऊ?

आमच्या भाच्याला तुम्ही ओळखताच. परदेशी कंपनीची नोकरी घरातल्या खुर्चीवरून करणारा एक तरी भाचा हल्ली प्रत्येक मामाच्या नशिबी असतो. त्याला वेळ सांगायची सोय नाही. "नऊला जेवायला ये" म्हटलं की विचारतो, "कुणाचे नऊ, मामा?" सिलिंडरवाला अकराला येतो म्हणाला, तर "कुणाचे अकरा?" सत्यनारायणाच्या गुरुजींनाही त्याने हेच विचारलं. गुरुजींनी नुसतंच पंचांग मिटलं.

ही खोड पहिल्या नोकरीतली. सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी. "रोज चार तास ओव्हरलॅप लागेल," ते म्हणाले. चारच तास ना, म्हणून हा हो म्हणाला. ते निघाले तिथले सकाळी नऊ ते एक, म्हणजे आपले रात्री साडेनऊ ते दीड. तेही कसंबसं निभावलं. मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली. आपली कुठे हलतात? दीडचे अडीच झाले, ते थेट मार्चपर्यंत. शुक्रवारची मीटिंग तर शनिवारीच संपायची.

आता तिकडच्याच दुसऱ्या कंपनीची मुलाखत झाली, तर पाठपुराव्याची मेल घेऊन स्वारी माझ्याकडे. सतरा प्रश्न! "अरे, नोकरी मागतोयस की उलटतपासणी घेतोयस?" कापता कापता तीन उरले. ओव्हरलॅप रोज हवा की फक्त मीटिंगच्या दिवशी? ठरलेल्या मीटिंगा आठवड्यात किती, आणि एखादी चुकली तर रेकॉर्डिंग पाहून चालेल का? तिसरा त्याने कापू दिला नाही: घड्याळं बदलली की मीटिंग कुणाच्या वेळेला धरून राहते? म्हणजे 'कुणाचे नऊ', फक्त सभ्य इंग्रजीत.

शेवटी त्याने स्वतःची मर्यादाही लिहिली. भारतातल्या रात्री साडेअकरापर्यंत बसेन. तिकडच्या आठला सुरू केलं तर उन्हाळ्यात तीन तास मिळतील, हिवाळ्यात दोनच. "हे वाचून नको म्हणाले तर?" मी घाबरलो.

"आत्ताच म्हणू देत. मागच्या वेळी मला नोव्हेंबरात कळलं."

कार्टं शहाणं आहे, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतंय.

उत्तर आलं. मंगळवारी आणि गुरुवारी त्यांच्या सकाळी आठला तासभर मीटिंग, बाकी सगळं लिहून. मीटिंग त्यांच्या घड्याळाने चालणार, म्हणजे आपल्याकडे साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. स्वारी खूश. मला मात्र इतक्या वर्षांचा सूड उगवायचा होता.

"ते मेलमधले साडेअकरा," मी विचारलं, "कुणाचे रे?"

"आईचे," तो म्हणाला. "माझ्या खोलीतला दिवा बंद झाल्याशिवाय ती पाठ टेकत नाही. त्या हिवाळ्यात रोज अडीचपर्यंत जागी असायची."