निळं म्हणजे निर्मळ?

कमोडमधलं पाणी निळं दिसलं की संडास स्वच्छ झाला, असा नवा धर्म आपल्या घरोघरी रुजला आहे. फ्लशच्या टाकीत निळी वडी सोडायची आणि ब्रशला सक्तीची निवृत्ती द्यायची, हा त्याचा एकमेव विधी. या धर्माचा हिशेब मात्र कच्चा आहे. समजा, 50 ग्रॅमची वडी 500 वेळा फ्लश करायला पुरली. म्हणजे दर वेळी 100 मिलिग्रॅम, तेही सहाएक लिटर पाण्यात. त्यातही रंग, अत्तर आणि वडीचं वजन भरून काढणारे क्षार आपापला वाटा घेतात. उरलेला साबण भांड्यावरून काही सेकंदांत वाहून जातो. बोअरच्या जड पाण्याने धरलेला पिवळट थर मुख्यतः चुन्याचा. तो सुटतो आम्लाने आणि घासण्याने. लव्हेंडरच्या वासाने तो फक्त सुगंधी होतो.

भक्त म्हणतील, ‘पण डाग उशिरा पडतात!’ मान्य. साबणामुळे नवा चिकटा जरा सावकाश धरतो आणि क्लोरीनची वडी असेल तर शेवाळ आणि जंतूही कमी होतात. पण हेच क्लोरीन टाकीतल्या पाण्यात मुरत असतं, आणि त्याच पाण्यात दिवसरात्र बुडालेली रबरी झडप आणि वॉशर हळूहळू कडक होतात, वाकडे होतात. म्हणूनच कमोडचे कित्येक उत्पादक टाकीत असल्या वड्या टाकू नका, नाहीतर वॉरंटी विसरा, असं बजावतात. भांड्याला चिकटवायचं जेल टाकीत उतरत नाही, त्यामुळे त्याच्यावर हा आरोप नाही. जुना थर मात्र त्यालाही हलवता येत नाही. आणि वडी क्लोरीनची असेल तर वरून आम्लाचा क्लीनर ओतण्याचा उत्साह आवरावा, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

आता सेप्टिक टँकची काळजी. वडीमुळे तिथले जिवाणू मरतील, ही भीती फुगवलेली आहे. हजारो लिटरच्या टाकीत एवढ्याशा साबणाची मात्रा नगण्य, आणि क्लोरीन तर वाटेतल्या मैल्यातच खर्ची पडतं. खरा उपद्रव येतो तो त्या वाकड्या झडपेतून. ती गळू लागली की दिवसाला शेकडो लिटर पाणी गुपचूप सेप्टिक टँकमध्ये जाऊ शकतं. गाळ खाली बसायला लागणारा निवांत वेळ मिळत नाही, आणि मैला पाण्याबरोबर पुढच्या शोषखड्ड्यात जाऊन त्याची छिद्रं बुजवतो. गंमत अशी, की टाकीत रंग टाकणं ही गळती शोधायचीच जुनी युक्ती. पण भांडं बारा महिने निळं असल्यावर ती गळती दिसणार कुणाला? तेव्हा वडी काढा, पाणी नितळ होईपर्यंत फ्लश करा, टाकीत खाण्याचा रंग घाला आणि अर्धा तास फ्लशला हात लावू नका. भांड्यात रंग उतरला तर झडप बदला. नवी झडप साधारण वडीच्या चार-दोन पाकिटांच्या भावात येते, फक्त तिला वास नसतो.