ताबा दिला, परतावा गेला

पुणे-नाशिक रेल्वेची लाइन कागदावर सरकली की जुन्नर-आंबेगावात जमिनीचे भाव सरकतात. खोडदच्या दुर्बिणीला गाडीचा त्रास होणार म्हणून लाइन पुन्हा हलवायची चर्चा झाली, आणि स्टेशन आपल्या बांधाला येणार या खात्रीवर ज्यांनी साठेखते केली त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. इसार परत मागायचा तर समोरच्याचे पाय धरता येतात. सरकारला भरलेल्या मुद्रांक शुल्कासाठी कोणाचे पाय धरायचे, हे मात्र चावडीवर कोणी सांगत नाही. पाय धरायची गरजही नसते. फक्त कागदावर एक वाक्य चुकीचे नसावे लागते.

आपण एका काल्पनिक तात्यांचे उदाहरण घेऊ. तात्यांनी नारायणगावजवळ एक जमीन घ्यायची ठरवली. व्यवहार चाळीस लाखांचा, साठेखत नोंदवलेले, मुद्रांक समजा दोन लाख, वर नोंदणी फी तीस हजार. साठेखतावर सह्या झाल्या १० जून २०२१ रोजी. पुढे रेल्वेची हवा गेली, तात्यांचा उत्साहही गेला, आणि दोघांनी गोडीगुलाबीने व्यवहार मोडायचे ठरवले. नोंदणीकृत रद्दलेख झाला २० फेब्रुवारी २०२५ रोजी.

आता दोन लाखांचे काय? महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ४७ आणि ४८ मध्ये याची सोय आहे, आणि एका बाबतीत ती कमालीची उदार आहे. व्यवहार का मोडला, हे कायदा विचारतच नाही. बायको नको म्हणाली, भावकीने हरकत घेतली, रेल्वे वळली, कर्ज नाकारले, कारण काहीही चालते. सरकारी दप्तरात 'कोणत्याही कारणाने' हे शब्द इतक्या उदारपणे सापडणे दुर्मीळच. पण उदारपणा तिथेच संपतो. साठेखत नोंदवलेले हवे, शुल्क अनुसूचीच्या कलम २५ खाली भरलेले हवे, रद्दलेखही नोंदवलेलाच हवा, रद्द व्हायला हवे ते साठेखताच्या सह्यांपासून पाच वर्षांच्या आत, आणि मिळकतीचा ताबा घेण्याआधी. मग रद्दलेखाच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत अर्ज.

यातल्या ताब्यापाशी जरा थांबू, कारण परतावा तिथेच बुडतो.

ज्या साठेखतावर पूर्ण मुद्रांक लागतो, तो का लागतो? कलम २५ चे स्पष्टीकरण म्हणते की करारात ताबा दिला असेल किंवा पुढे देण्याचे कबूल केले असेल, तर ते साठेखत खरेदीखतासारखे धरायचे. म्हणजे 'ताबा देऊ' एवढे वचन दिले की सरकार खरेदीचे पैसे घेते. आणि परत मागायला गेलात की तेच सरकार विचारते, ताबा घेतला होता का? घेतला असेल तर परतावा नाही. मुद्रांक घेताना ताब्याचा नुसता शब्द पुरतो. मुद्रांक परत करताना मात्र ताबा प्रत्यक्ष झालेला नसावा लागतो. तरी यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. जमीन वापरून परत द्यायची आणि मुद्रांकही परत मागायचा, असा उद्योग करणारे काही कमी नसतात.

अडचण येते ती तालुक्याच्या ठिकाणी टेबल टाकून बसलेल्या आपल्या दस्तलेखकाकडून. त्याच्या संगणकात साठेखताचा एक जुना नमुना असतो. त्यात नावे, गट नंबर आणि चतुःसीमा बदलायच्या, बाकी मजकूर तसाच. त्या मजकुरात ओळ असते: 'सदर मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस आज रोजी दिला आहे.' तात्या तर त्या दिवशी जमिनीवर गेलेसुद्धा नव्हते. पण ओळ छान वाटते, खरेदीदाराला सुरक्षित वाटते, विकणाऱ्याचे काही जात नाही, आणि तात्या सही करतात. पावणेचार वर्षांनी हीच ओळ मुद्रांक कार्यालयातल्या फायलीत लाल शाईने अधोरेखित होते.

रद्दलेख लिहिताना दुसरा घोळ होतो, आणि तो पहिल्यापेक्षा मजेशीर आहे. दस्तलेखक सभ्य माणूस. व्यवहार मोडतोय तर सगळे नीट मिटावे म्हणून तो लिहितो: 'लिहून घेणार यांनी मिळकतीचा ताबा लिहून देणार यांस परत दिला आहे.' झाले. न घेतलेला ताबा तात्यांनी परत दिला! म्हणजे तो घेतला होता, हे स्वतःच्या सहीने आणि दुय्यम निबंधकासमोर कबूल केले. आता परतावा तर अडकतोच, वर या रद्दलेखाकडे उलट विक्री म्हणून पाहिले जाण्याची आणि त्यावरही मुद्रांक मागितला जाण्याची वाट आपणच मोकळी केली. लिहायला हवे होते ते साधे वाक्य: ताबा साठेखताच्या दिवशी दिलेला नव्हता, त्यानंतरही कधी दिला नाही, तो लिहून देणार यांच्याकडेच आहे. तेही खरे असेल तरच. तात्यांनी तिथे दोन हंगाम कांदा लावला असेल, तर हे वाक्य लिहून परतावा मागणे म्हणजे शपथेवर खोटे बोलणे. गावात कोण कुठे कांदा काढतो हे सगळ्यांना माहीत असते.

साठेखतात 'ताबा दिला' असे छापले गेले असेल आणि प्रत्यक्षात दिला नसेल, तर रद्दलेखात ती ओळ वस्तुस्थितीला धरून नव्हती हे स्पष्ट लिहावे, विकणाऱ्याचेही तसे प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि इसाराची रक्कम कोणत्या धनादेशाने किंवा कोणत्या बँक व्यवहाराने परत आली ते नोंदवावे. हमी नाही. पण अधिकाऱ्याला 'हो' म्हणायला काहीतरी हातात मिळते.

आता मुदत. इथे दोन घड्याळे चालतात आणि दोन्ही वेगळ्या क्षणी सुरू होतात. पाच वर्षांचे घड्याळ साठेखतावर सह्या झाल्या त्या दिवसापासून चालते, म्हणजे तात्यांकडे जून २०२६ पर्यंत वेळ होता. सहा महिन्यांचे घड्याळ रद्दलेखाच्या नोंदणीपासून, म्हणजे अर्ज २० ऑगस्ट २०२५ च्या आत. सह्या आणि नोंदणी एकाच दिवशी झाल्या तर फरक कळत नाही. पण नोंदणीला चार महिन्यांची मुभा असल्याने दोन तारखांत अंतर पडू शकते, आणि त्या अंतरात माणूस कसा पडतो ते सर्वोच्च न्यायालयाच्या २४ जानेवारी २०२५ च्या निकालात दिसते.

मुंबईतल्या एका खरेदीदाराने २०१४ मध्ये घराच्या करारावर २७ लाख ३४ हजार ५०० रुपये मुद्रांक भरला. बिल्डरने ताबा लांबवला, म्हणून रद्दलेख केला. सह्या १७ मार्च २०१५ ला, नोंदणी २८ एप्रिलला. मधल्या २४ एप्रिलला कायदा बदलला आणि अर्जाची मुदत दोन वर्षांवरून सहा महिन्यांवर आली. खरेदीदाराने अर्ज केला २०१६ च्या ऑगस्टमध्ये. जुन्या हिशेबाने वेळेत, नव्याने कधीच बाद. चार दिवसांच्या फरकावर सत्तावीस लाख! परताव्याचा आदेश आधी निघाला आणि मग मागेही घेतला गेला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हक्क रद्दलेखावर सह्या झाल्या तेव्हाच उभा राहिला, त्यामुळे त्याला जुनी दोन वर्षांची मुदत लागू. पण या निकालाचे कात्रण घेऊन तात्यांनी खिडकीवर जाऊ नये. तो लाभ कायदा बदलण्यापूर्वी झालेल्या रद्दलेखाला आहे. २०२५ च्या रद्दलेखाला सहा महिने म्हणजे सहाच महिने.

अर्जाची सुरुवात ऑनलाइन होते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर (igrmaharashtra.gov.in) परताव्याची माहिती भरली की टोकन क्रमांक मिळतो. टोकन मिळाले म्हणजे काम झाले, असे वाटून बरेच जण घरी बसतात. त्याची प्रिंट आणि कागद मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे प्रत्यक्ष द्यावे लागतात. ज्या दुय्यम निबंधकाकडे साठेखत नोंदवले तिथे अर्ज नेऊन उपयोग नाही. जुन्नर-आंबेगावकरांना ग्रामीणचे कार्यालय गाठायला पुणे गाठावेच लागते, चाकणच्या कोंडीसह. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का बघून घ्यावा, कारण सहा महिन्यांचा वाद निघाला तर त्या शिक्क्याशिवाय आपल्या बाजूने बोलणारे दुसरे काही नसते.

कागदांत मूळ साठेखत, मूळ रद्दलेख, दोन्हींची सूची क्रमांक दोन, चलन, प्रतिज्ञापत्र आणि बँक खात्याचा तपशील लागतो. मूळ साठेखत हे परत मिळण्यासाठी नसते. ते रद्द करण्यासाठी सरकारच्या हवाली करायचे असते, ही कायद्याचीच अट आहे. त्यामुळे आधी त्याची प्रमाणित प्रत काढून ठेवावी. आणि कर्ज काढले असेल तर मूळ दस्त बँकेच्या तिजोरीत असतो. तो सोडवायला बँक जेवढे दिवस घेते, ते सहा महिन्यांतूनच वजा होतात. चलनावर नाव कोणाचे, हेही पाहावे. घाईत एजंटाने स्वतःच्या किंवा विकणाऱ्याच्या नावाने चलन काढले असेल, तर पैसे तात्यांचे होते हे पटवण्यात आणखी एक उन्हाळा जातो.

कायद्याची आणखी एक अट भांडकुदळ लोकांसाठी आहे. ज्या खटल्यात ते साठेखत पुरावा म्हणून दाखल होऊ शकले असते, असा खटला सुरू झालेला नसावा. म्हणजे विकणाऱ्यावर रागावून घोडेगावच्या किंवा जुन्नरच्या न्यायालयात दावा लावला आणि मग तडजोड झाली म्हणून परतावा मागितला, तर तो दावाच आडवा येतो. जमीन, इसार आणि मुद्रांक यांतले नेमके काय परत हवे, हे वकिलाकडे जाण्याआधी ठरवलेले बरे.

सगळे जमले तर नियमाप्रमाणे होणारी कपात वजा होऊन दोन लाखांतले बरेचसे खात्यात येतील. नोंदणी फीचे तीस हजार मात्र येत नाहीत. ते नोंदणी करून देण्याचे होते, आणि नोंदणी तर झाली. तात्यांचे साठेखत, झालेले आणि मोडलेले, दोन्ही दप्तरी व्यवस्थित आहेत.