रीच पाहावी वाचून

ज्यांच्या भाच्याने, पुतण्याने किंवा होऊ घातलेल्या जावयाने घरच्या धंद्याची जाहिरात इन्स्टाग्रामवर सोडली आहे आणि जे रात्री अकरानंतरही व्हॉट्सअ‍ॅप उघडायची चूक करतात, अशा ज्येष्ठ नातेवाइकांसाठी हे मार्गदर्शन आहे. शास्त्र नवे असले तरी अवघड नाही. दहावीच्या भागाकाराच्या पलीकडचे गणित त्यात कुठेही लागत नाही, आणि नेमका तोच भागाकार भाचा करत नाही.

उदाहरणादाखल आमच्याच घरचा स्क्रीनशॉट घेऊ. बहीण सुरतेत कतारगामला राहते. आमची खानदेशी मंडळी बहुतेक उधना-लिंबायतकडे. ही मात्र हिऱ्याच्या कारखान्यांच्या आणि एम्ब्रॉयडरी मशिनांच्या खडखडाटात, काठियावाडी शेजाऱ्यांच्या मधोमध. कधीकाळी कतारगाम उंधियूत पडणाऱ्या पापडीसाठी नावाजलेले होते. आता तिथे पापडीपेक्षा पार्सले जास्त निघतात. बहीण शिवलेल्या नऊवारी विकते. काष्टा शिवलेला, चढवली की झाले. कापड रिंग रोडच्या मार्केटमधून, शिलाई घरी, गिऱ्हाईक पुणे, नाशिक, ठाणे. जाहिरात खाते भाच्याच्या ताब्यात. आठवड्याअखेर त्याचा निरोप येतो: ‘मामा, जोरदार ने?’ खाली स्क्रीनशॉट. रीच 1,86,400.

नियम पहिला: अभिनंदन करू नये. निदान उजवीकडची बाजू पाहीपर्यंत तरी करू नये. अ‍ॅड्स मॅनेजरचा तक्ता मोबाइलच्या रुंदीत मावत नाही. मोठाले आकडे सुरुवातीच्या रकान्यांत दिसतात आणि विक्रीचा रकाना उजवीकडे, बोटाने सरकवल्याशिवाय न दिसणाऱ्या मुलखात असतो. कधी तर तो मुद्दाम जोडावा लागतो. कापलेला स्क्रीनशॉट म्हणजे लबाडी नव्हे. भाच्याने स्वतःही तिकडे पाहिलेले नसते. ‘पूर्ण पाठव’ एवढे दोनच शब्द लिहावेत आणि झोपावे.

पूर्ण तक्ता सकाळी आला तो असा: खर्च 4,200 रुपये, म्हणजे रोजचे 600. रीच 1,86,400. इम्प्रेशन्स 2,61,000. लिंकवरचे क्लिक 1,150. पान उघडले, म्हणजे Landing page views, 410. खरेदी 3.

तीन. हा आकडा वाचून बहिणीला फोन लावू नये. ती फॉल लावत असते.

नियम दुसरा: रीच म्हणजे माणसे, इम्प्रेशन्स म्हणजे दर्शने. एकाच बाईला जाहिरात दोनदा दिसली तर रीच एक, इम्प्रेशन्स दोन. दुसऱ्याला पहिल्याने भागले की सरासरी किती वेळा दिसली ते कळते, इथे 1.4. याचा अर्थ बहुतेकांच्या डोळ्यांसमोरून ती एकदाच गेली, तीही अंगठा वर सरकत असताना. शिवाय रीच हा अंदाजी आकडा असतो, आणि त्याची बेरीज करता येत नाही. सोमवारची रीच अधिक मंगळवारची रीच असे मांडले तर दोन्ही दिवस दिसलेली नाशिकची काकू दोनदा मोजली जाते. भाच्याने एकदा अशी सात दिवसांची बेरीज करून मला ‘सव्वातीन लाख’ कळवले होते. मी त्याला बेरीज कशाची होते आणि कशाची होत नाही यावर एक लांब निरोप लिहिला. उत्तर आले: अंगठा.

नियम तिसरा, आणि हा नीट वाचावा, कारण निम्मा रोग इथेच सापडतो: Results या रकान्यातल्या मोठ्या आकड्याकडे नव्हे, त्याच्या खालच्या बारीक करड्या अक्षरांकडे पाहावे. ‘रिझल्ट’ म्हणजे विक्री असे समजणे हा भल्या माणसांचा गैरसमज आहे. मोहीम सुरू करताना तुम्ही जे उद्दिष्ट निवडले, त्यालाच हे यंत्र रिझल्ट म्हणते. ओळख वाढवायची म्हटले तर रीच हाच रिझल्ट. ट्रॅफिक म्हटले तर क्लिक. विक्री म्हटले तर खरेदी. आमच्या तक्त्यात मोठा आकडा 1,150 आणि खाली करड्या अक्षरांत Link clicks. म्हणजे भाच्याने ट्रॅफिक मागितली होती आणि यंत्राने ट्रॅफिक दिली. क्लिक करण्याची सवय असलेली, क्लिक करून विसरून जाणारी, पण स्वस्तात मिळणारी माणसे त्याने देशभरातून इमानाने शोधून काढली. मुलाला बाजारात ‘काहीतरी आण’ म्हणून पाठवले आणि त्याने काहीतरी आणले, तर रागवायचे कोणावर?

स्वस्ताईचा पुरावा त्याच ओळीत आहे. खर्चाला इम्प्रेशन्सने भागून हजाराने गुणावे: हजार दर्शनांना 16 रुपये. हा दर पाहून भाचा खूश झाला, मला घाम फुटला. विकत घेणाऱ्या बायकांसमोर उभे राहायला इतर व्यापारीही बोली लावत असतात, म्हणून ती जागा महाग असते. जिथे कोणी बोली लावत नाही तीच इतकी स्वस्त मिळते.

नियम चौथा: क्लिक आणि पान उघडणे यांमधली दरी मोजावी. 1,150 क्लिकांतून पान उघडले 410 वेळा. शंभरातले साधारण 64 जण वाटेतच गळाले. याची दोन कारणे असतात. एक, पान जड आहे. बहिणीच्या पानावर भाच्याने वर नऊ फोटोंची सरकपट्टी आणि सनईसकट व्हिडिओ लावला होता. साध्या मोबाइलवर तो उघडेपर्यंत माणूस मागे फिरतो. दुसरे कारण जास्त मजेशीर. Breakdown नावाच्या बटणाखाली ‘प्लेसमेंट’ निवडले की जाहिरात कुठे कुठे दिसली ते कळते. आमचे निम्म्याहून अधिक क्लिक ऑडियन्स नेटवर्कमधून होते. म्हणजे इन्स्टाग्रामवरून नव्हे, फेसबुकवरूनही नव्हे, तर दुसऱ्याच कुठल्या अ‍ॅपांमधून आणि गेमांमधून. तिथे फुलीचे चिन्ह शोधता शोधता बोट चुकून जाहिरातीवर पडते. ती दरी ज्यांनी भरली ते नऊवारीचे गिऱ्हाईक नव्हते, पुढची लेव्हल गाठायच्या घाईत होते.

त्याच बटणाखाली वय आणि लिंगही पाहावे. प्रेक्षक ठरवताना भाच्याने ‘भारत, 18 ते 65, सर्व’ ठेवले होते. सर्वाधिक क्लिक 18 ते 24 वयाच्या पुरुषांचे. पैठणी काठाच्या नऊवारीला इतका तरुण पाठिंबा मिळाल्याबद्दल संस्कृतिरक्षकांनी समाधान मानावे.

नियम पाचवा: तक्त्यावर नव्हे, बहिणीच्या वहीवर विश्वास ठेवावा. अ‍ॅड्स मॅनेजरला फक्त पानावर झालेली खरेदी दिसते, तीही पानावर तिचा माग ठेवणारा पिक्सेल नीट बसवला असेल तर. खरेदीच्या रकान्यात शून्याऐवजी आडवी रेघ असेल, तर विक्री झाली नाही असे लगेच समजू नये. आधी पिक्सेल जिवंत आहे का ते पाहावे. आणि आपल्या बायका पानावर कार्ड घालून खरेदी करत नाहीत. जाहिरात बघतात, नंबर शोधतात, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ताई, 42 छातीला येईल का?’ विचारतात, यूपीआय करतात. हे यंत्राला दिसत नाही. वहीत त्या आठवड्याच्या 11 ऑर्डर होत्या, पानावरच्या 3 धरून. मात्र उरलेल्या 8 जणी जाहिरातीमुळे आल्या की कोणाच्या मंगळागौरीत नेसलेली पाहून, हे वहीलाही ठाऊक नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते. आता जाहिरातीतल्या व्हॉट्सअ‍ॅप बटणाबरोबर आधीच लिहिलेला निरोप जातो: ‘नऊवारी, जाहिरातीतली’. तो जसाच्या तसा आला की वहीत बाजूला एक टिंब.

मग हिशेब. एक नऊवारी 1,450 ला जाते. कापड, शिलाई, पाकीट, कुरिअर वजा जाता 350 उरतात. म्हणजे एका ऑर्डरमागे जाहिरातीला 350 पेक्षा जास्त गेले की बहीण पदरमोड करून पुण्याला नऊवारी नेसवते आहे. यंत्राच्या मते एक खरेदी 1,400 ला पडली. वहीच्या मते, सगळ्या 11 उदार मनाने जाहिरातीच्या नावावर टाकल्या तरी, 382 ला. वर 18 टक्के जीएसटी, जो खर्चाच्या रकान्यात दिसत नाही. तो धरून 450. बहिणीकडे जीएसटी नंबर आहे, तो जाहिरात खात्यात घातला असता तर हा कर वळता करून घेता आला असता. घातलेला नव्हता. भाच्याला वाटले होते ती जागा ऐच्छिक आहे.

इथे गंभीर मार्गदर्शकाचा सूर सोडून सांगतो, मला त्या पोराची दया येते. रात्री बारा वाजता एकटाच बजेट 600 चे 900 आणि 900 चे 500 करत बसतो. आईचे चार हजार त्याला डोळ्यांसमोर दिसत असतात. पण असे मोठे बदल केले की यंत्राचे शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ते शिकायला एका गटात आठवड्याला सुमारे 50 रिझल्ट मागते. 1,400 च्या दराने 50 खरेद्या म्हणजे 70,000 रुपये. ते नाहीत. म्हणून थेट खरेदीचे उद्दिष्ट आपल्याला परवडत नाही आणि क्लिकचे उद्दिष्ट कामाचे नाही. मधली पायरी शोधावी लागते. आमच्यासाठी ती व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालेला संवाद.

तसे केले. बायका, 25 च्या पुढे, फक्त महाराष्ट्र. ऑडियन्स नेटवर्क बंद. किंमत फोटोवरच ठळक छापली, कारण नाहीतर निम्मे संवाद ‘प्राइस प्लीज’ या दोन शब्दांतच आटोपतात. बजेटला सात दिवस हात लावायचा नाही असे भाच्याकडून वदवून घेतले. त्याने तिसऱ्या दिवशी लावला, पण आईने मोबाइल काढून घेतला.

पुढचा तक्ता: खर्च तोच 4,200. रीच 23,000. संवाद 96. वहीत टिंबांच्या ऑर्डर 17, म्हणजे ऑर्डरमागे 247.

नियम सहावा: रीच पडल्यावर भाच्याला भेटायला जावे. तो खचलेला असतो. ‘मामा, लाखावरून तेवीस हजारावर आलो,’ असे म्हणतो आणि आजूबाजूच्या पोरांचे आकडे दाखवतो. त्यांच्याही स्क्रीनशॉटची उजवी बाजू मागावी.

सतरातल्या दोन कॅश ऑन डिलिव्हरीच्या होत्या आणि त्या परत आल्या. एकीने दार उघडले नाही, दुसरीला साइज झाली नाही. यासाठी अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये रकाना नाही. बहिणीने वहीत लाल पेनाने आखला आणि भाच्याला सांगितले, तो भरायचे काम तुझे.