पाच मिनिटं कुणाची?

पुण्यातला कुठलाही विकाऊ फ्लॅट मेट्रोपासून ५ मिनिटांवर असतो. जिथे मेट्रो अजून पोचलेली नाही तिथला ३ मिनिटांवर, कारण प्रस्तावित स्टेशन जाहिरात लिहिणाऱ्याच्या सोयीने सरकतं.

माझा भाचा इस्टेट एजंट आहे. कोथरूडमध्ये पौड रोडच्या आतल्या गल्लीत बिल्डरचा एक टूबीएचके त्याच्याकडे विकायला आहे, रेडी पझेशन. त्याने व्हिडिओ काढला आणि कॅप्शन मला दाखवलं: ‘शहराच्या हृदयात, निसर्गाच्या कुशीत! मेट्रो फक्त ५ मिनिटं, हिंजवडी २० मिनिटं, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर!’ हृदय आणि कूस एकाच पत्त्यावर असणं हे शरीरशास्त्राला सोडून आहे, पण ते राहू द्या. हाकेच्या अंतरावर हॉस्पिटल असेल, तर रात्री दोन वाजता अँब्युलन्सचा भोंगाही हाकेच्याच अंतरावर असणार. तो काही व्हिडिओत ऐकू आला नाही. तिथे बासरी वाजत होती.

“५ मिनिटं कुठून मोजलीस?”

“मॅपवरून, मामा. ४०० मीटर आहे.”

ते अंतर सरळ रेषेत होतं, म्हणजे पक्ष्याला. पक्ष्याला मेट्रो लागत नाही. माणसाला मध्ये एका सोसायटीची भिंत आणि तिचा वॉचमन लागतो, म्हणून गल्लीतून वळसा घालून पौड रोडला यावं लागतं. रस्त्याने मोजलं तर बिल्डिंगच्या दारापासून आनंदनगर स्टेशनच्या जिन्यापर्यंत ९०० मीटर भरलं.

जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत चालण्याचा वेळ कसा लिहायचा याचा नियमच आहे. अंतर रस्त्याने मोजायचं, ८० मीटरला १ मिनिट धरायचं आणि वरच्या अपूर्णांकाचं पूर्ण मिनिट करायचं. त्या हिशेबाने आमचे ९०० मीटर म्हणजे सव्वाअकरा, पर्यायाने १२ मिनिटं. रस्ता ओलांडायला सिग्नलवर थांबलात तर ती मिनिटं जपानी हिशेबात नाहीत. पौड रोड ओलांडण्याचा विचार जपान्यांनी केलेला नाही.

“१२ लिहिलं तर कोण येईल बघायला?” भाचा कळवळला.

ज्याला १२ मिनिटं चालतात तो येईल. ५ वाचून आलेला माणूस एकदा चालून बघतो, आणि मग स्वयंपाकघराच्या ओट्यावरही संशय घेतो. शिवाय रेरा कायद्याचं १०वं कलम एजंटला खोटी माहिती द्यायला मनाई करतं, आणि १२वं कलम फसव्या जाहिरातीवर विसंबून आगाऊ पैसे भरणाऱ्याला बिल्डरकडून भरपाई देववतं. हे ऐकल्यावर भाच्याने ‘निसर्गाची कूस’ स्वतःहून खोडली.

हिंजवडीची २० मिनिटंही गेली. ती त्याने रविवारी सकाळी सहाला गाडी काढून सिद्ध केली होती. त्या वेळी चांदणी चौकातून कोणीही पुण्यवान माणूस सुसाट जातो. गाडीच्या प्रवासाला मिनिटं लिहूच नयेत, किलोमीटर लिहावेत. वेळ ही त्या दिवशीच्या ट्रॅफिकची मालमत्ता आहे, बिल्डरची नव्हे.

टेकडीचं काय करायचं यावर खरी घासाघीस झाली. बाल्कनीतून टेकडी दिसते, खरंच दिसते. पण मधला प्लॉट मोकळा आहे, आणि कोथरूडमध्ये मोकळा प्लॉट म्हणजे न बांधलेली बिल्डिंग. शेवटी भाच्यानेच तोडगा काढला: जे आज दिसतं ते आज दिसतं असं लिहायचं. शाळेच्या बाबतीत मी फक्त एवढंच म्हटलं की अंतर लिही, प्रवेशाचा सूर लावू नकोस. केजीचा फॉर्म भरलेल्या आई-बापांना फरक समजतो.

कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळीच लोकांना दिसतात, उरलेलं बोटाने उघडावं लागतं. म्हणून ठिकाण आणि चालण्याचं अंतर वर घेतलं, कागदपत्रं खाली. तयार झालं ते असं:

‘कोथरूड, पौड रोडच्या आतली गल्ली. रेडी पझेशन टूबीएचके, आनंदनगर मेट्रो रस्त्याने ९०० मीटर, चालत सुमारे १२ मिनिटं.
किराणा आणि मेडिकल गल्लीच्या तोंडाशी. शाळा दीड किलोमीटरवर. बाल्कनीतून आज टेकडी दिसते. समोरचा प्लॉट मोकळा आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं असल्याने जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी. कार्पेट एरिया, महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड व्हिडिओच्या शेवटी. कामाच्या दिवशी सकाळी नऊला येऊन बघा.’

शेवटची ओळ मी घातली. भाच्याने ती दोनदा काढली, मी तीनदा घातली.

व्हिडिओ पडला आणि संध्याकाळी बिल्डरचा फोन आला. त्याच बिल्डिंगमधले फ्लॅट त्याने आणखी दोन एजंटांना दिले आहेत, आणि त्यांच्या व्हिडिओंत मेट्रो ५ मिनिटांवरच आहे. बिल्डर चिडून विचारत होता की बाकीच्या सगळ्या फ्लॅटना स्टेशन जवळ पडतं, मग तुमच्या एकट्या फ्लॅटला दूर कसं?