झोपेचा तक्तेवाला

नोकरी करणाऱ्या दांपत्याच्या घरी मूल जन्मले की त्या घरात एक नवा पुरुष आकाराला येतो, आणि तो म्हणजे जन्मलेले मूल नव्हे. त्यास येथे 'तक्तेवाला' म्हटले आहे. बाळाच्या दिवसभरातील झोपांची वेळ, लांबी आणि त्यांतील अंतर मिनिटांत मांडून तो तक्ता बाळाला, बायकोला आणि बाळ सांभाळणाऱ्या बाईला सारखाच लागू आहे असे मनापासून मानणारा बाप, अशी त्याची व्याख्या करता येईल. पुण्यामुंबईत ही जात उदंड असली, तरी तेथे त्याचा तक्ता पाळणाघराच्या छापील वेळापत्रकात विरघळून जातो. त्याचे खरे स्वरूप पाहायचे तर बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यातल्या सुलतानपुरासारख्या गावी जावे. लोणारचे विवर पाहायला मेहकरकडून येणारे लोक या गावावरून पुढे निघून जातात. अशा गावात पाळणाघराची पाटी सहसा नसते, अंगणवाडीची पूर्वशाळा तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी असते, आणि तान्ह्या लेकराची दुपार बहुधा गल्लीतल्या एखाद्या मावशीच्या पदराखाली जाते.

नमुन्यादाखल घेतलेला तक्तेवाला मेहकरच्या एका बँकेत रोखपाल आहे, आणि त्याची पत्नी जवळच्या खेड्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. बाळ ऑक्टोबरअखेरीस झाले. एकशे ऐंशी दिवसांच्या प्रसूती रजेला उन्हाळी सुट्टी जोडून आली आणि विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणून मॅडम प्रत्यक्ष वर्गात उभ्या राहिल्या तेव्हा बाळाला आठ महिने झाले होते. हे वय सोयीचे नाही. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान बहुतेक बाळे दिवसाच्या तीन झोपांवरून दोनांवर येतात, त्यामुळे रजा संपते नेमकी त्याच सुमारास जुना क्रम मोडून नवा बसायचा असतो. रजेचे नियम करणाऱ्यांनी बाळाचा विचार केलाच असेल, पण बहुधा ते झोपलेले असताना.

तक्तेवाल्याने अभ्यास मात्र चांगला केलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र मिळून बारा ते सोळा तास झोप लागते, हे त्याला तोंडपाठ असते. अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेली दुहेरी यंत्रणाही तो चहाच्या टपरीवर समजावून सांगतो. त्या मांडणीनुसार झोप दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे शरीराचे आतले घड्याळ, जे उजेड आणि अंधार पाहून चालते. दुसरी म्हणजे 'निद्रादाब', अर्थात जागे राहिलेल्या प्रत्येक तासागणिक साचत जाणारी झोपेची ओढ, जी झोपल्यावर उतरते. कुकरमध्ये वाफ साठते तशी ही ओढ साठते आणि पुरेशी साठल्याखेरीज शिट्टी होत नाही. आठ-नऊ महिन्यांच्या बाळात दिवसाच्या झोपेआधी ती साठायला साधारण अडीच ते साडेतीन तास लागतात. इथवर सर्व बिनचूक आहे. चूक सुरू होते ती रोखपालाच्या सवयीतून, कारण झोपेची रोकडही संध्याकाळी जुळलीच पाहिजे, आणि आज कमी पडलेली चाळीस मिनिटे उद्याच्या खात्यावर ओढता येतात, असा त्याचा समज असतो.

पहिला तक्ता असा होता: साडेसहाला जाग, साडेनऊ ते साडेदहा पहिली झोप, दीड ते तीन दुसरी, आठ वाजता रात्रीची. कागदावर तो निर्दोष होता. त्यात एवढेच राहून गेले होते की बाळाला मावशींकडे पोहोचवायला पावणेदहाला निघावे लागते. परिणामी पहिली झोप दुचाकीवर लागली. आईच्या पोटाशी बांधलेले बाळ इंजिनाच्या घरघरीत सात-आठ मिनिटे डुलकी घेई, मावशींच्या दारात कुत्रे भुंकले की जागे होई, आणि तेवढ्या डुलकीने कुकरची वाफ सुटून गेल्यामुळे आत नेल्यावर दीड-दोन तास टक्क जागे राही. पावणेबाराला मावशी भाकरी टाकत असताना ते कसेबसे चाळीस मिनिटे झोपे. मग एक ते तीन, जेव्हा सारी गल्ली आडवी होते आणि मावशींनाही पाठ टेकायची असते, तेव्हा ते ताजेतवाने होऊन डबे वाजवी. सव्वाचारला दमून झोपे ते साडेपाचला आई आल्यावरच उठे, आणि रात्री पावणेअकरापर्यंत घरात उजेड असे.

तक्तेवाल्याने यावर जे उपाय केले त्यांतच त्याचे व्यक्तिमत्त्व खुलते. त्याने मावशींना एक वही दिली, तिच्यात 'झोपण्याची वेळ', 'उठण्याची वेळ', 'उठतानाची मनःस्थिती' असे तीन रकाने आखले, आणि भिंतीवर घड्याळ नसल्याचे पाहून घड्याळही आणून लावले. आठवड्याने वही उघडली तेव्हा पहिल्या पानावर मावशींच्या नातवाने काढलेला ट्रॅक्टर होता. तोंडी चौकशीत जे उत्तर आले ते पुढीलप्रमाणे.

"झोपलं होतं ना, साहेब, भाकरी टाकून झाल्यावर."

"किती वाजता, मावशी?"

"लोणारची गाडी गेली अन् मंग झोपलं."

"आणि उठलं कधी?"

"भांडे घासू राहिली होती ना मी, तवा. काहून? लेकरू घड्याळात पाहून झोपते काय?"

या संवादाकडे दोन कालगणनांची गाठ म्हणून पाहणे योग्य ठरेल. मावशींचा दिवस नळाचे पाणी, भाकऱ्या, जेवणे, भांडी आणि दुपारची आडवी घटका अशा कामांच्या खुंट्यांवर टांगलेला असतो, त्या खुंट्या रोज जवळजवळ त्याच जागी असतात, आणि सांभाळायला आलेली तिन्ही लेकरे त्याच ओळीत बसवल्याखेरीज एकटी बाई त्यांना सांभाळू शकत नाही. तिन्ही लेकरे एकाच वेळी झोपतील अशी दिवसातली एकच जागा असते, ती म्हणजे जेवणानंतरची. तक्तेवाल्याने दीडचा आकडा पुस्तकांतून काढला होता, पण त्याच्या आसपासची जागा मावशींकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार होती. दुपारी शरीराची जागरूकता थोडी उतरते, गल्ली शांत असते, खोलीत अंधार केलेला असतो, त्यामुळे आतले घड्याळ आणि निद्रादाब दोन्ही त्याच बाजूने ओढतात.

तेव्हा हलायचे कोणी, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर मॅडमनी काढले. मावशींची दुपार जिथे आहे तिथे ठेवायची, आणि सरकवायची ती सकाळ, जी पूर्णपणे घराच्या ताब्यात आहे. बाळाला साडेसहाऐवजी सहाला उठवायचे आणि पहिली झोप निघण्याआधी घरीच, साडेआठ ते साडेनऊ, उरकायची. हा बदल एका दिवसात केला तर बाळ दमते, आणि फाजील दमलेले बाळ झोपण्याऐवजी चेकाळते. म्हणून दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटे असे सरकत जायचे. बाळाची उठण्याची वेळ दोन टप्प्यांत आणि पहिली झोप चार टप्प्यांत बसली, म्हणजे एकूण बारा दिवस लागले. पावणेदहाच्या प्रवासात बाळ नुकतेच उठलेले असल्याने डुलकीचा प्रश्न राहिला नाही. मावशींकडे ते एकला झोपू लागले आणि तीनपर्यंत झोपू लागले. साडेसातला रात्रीची झोप. दिवसाचे तीन आणि रात्रीचे साडेदहा मिळून साडेतेरा तास भरले, आणि रोखपालाची रोकड जुळली.

गणित जुळले की बाळ सुखी झाले असे मानू नये. खरी खूण उठतानाची असते, आणि त्या अर्थाने वहीतला तिसरा रकाना व्यर्थ नव्हता. बाळ अर्ध्यापाऊण तासात रडत उठले तर ते अतिदमलेल्या किंवा पुरेसे न दमलेल्या अवस्थेत झोपवले गेले असण्याचा संभव असतो, कारण या वयात झोपेचे एक आवर्तन साधारण तेवढ्याच वेळात संपते आणि पुढच्या आवर्तनात शिरताना ते अडखळते. उठून पाय धरून खेळत पडले तर पुरेसे झाले. डोळे चोळणे, कान ओढणे, एका जागी शून्यात पाहणे या दमल्याच्या खुणा मावशींना न वाचता ठाऊक होत्या. एक अडचण राहिली ती झोक्याची. मावशींकडे साडीच्या झोक्यात झोपायची सवय लागलेले बाळ रविवारी घरच्या गादीवर झोपेना. तक्तेवाल्याने स्लॅब टाकताना पाळण्यासाठी सोडलेली कडी शोधून तिला झोका बांधला आणि दुपारभर दोरी ओढत बसला. अखेर तडजोड झाली ती उलट्या दिशेने: मावशी झोक्यात डोळे जड होईपर्यंतच हलवत आणि मग बाळाला खाली सपाट गोधडीवर पाठीवर ठेवत. ते सुरक्षितही होते, कारण झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडण्याचा धोका असतो.

बाळाची झोप आईच्या कामाच्या वेळेला जुळवण्याचा खटाटोप काही आजचा नव्हे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाळीवर जाणाऱ्या अनेक स्त्रिया तान्ह्यांना 'बाळगोळी' नावाची अफूमिश्रित गोळी देऊन जात, हे त्या काळच्या पाहणीत नोंदले गेले आहे. तिथे तक्ता आखायची गरजच नव्हती, बाळ पाळीभर गप्प राही. सुलतानपुरातही एखादी शेजारीण जायफळ जरा जास्त उगाळायचा सल्ला देतेच. मावशींनी तो धुडकावला. तक्तेवाल्याने वहीत ही नोंद केली नाही, कारण तिला रकाना नव्हता.

पुढे मार्चमध्ये उन्हामुळे शाळा सकाळची झाली. मॅडमना पावणेसातला निघावे लागले, बाळ सोळा महिन्यांचे झाले होते, आणि याच वयात, म्हणजे तेरा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, बाळे दोन झोपांवरून एकीवर येतात. सकाळची झोप त्याने स्वतःच टाकून दिली. तक्तेवाला रात्री साडेअकरापर्यंत पट्टी घेऊन नव्या तक्त्याचे रकाने आखत बसला, आणि सकाळी तो कागद घेऊन मावशींकडे गेला. मावशींनी तो घेतला, उलटा करून पाहिला, आणि मागची बाजू कोरी असल्याचे पाहून जपून ठेवला. नातवाला दुसरा ट्रॅक्टर काढायचा होता.