आधी आगाऊ, मग अनुवाद

चेन्नईत घर भाड्याने घ्यायला गेलात की घरमालक चष्मा पुसता पुसता दहा महिन्यांच्या भाड्याएवढा अ‍ॅडव्हान्स सांगतो. 2017च्या राज्य कायद्याने अनामतीला तीन महिन्यांची मर्यादा सांगितली, तरी दहाची सवय पुरती गेलेली नाही. आकडा सांगताना तो खाकरत नाही की ‘राग मानू नका’ म्हणत नाही. आणि त्याच घरात बसून अनुवाद करणारा आमच्यासारखा मराठी माणूस नव्या ग्राहकाकडे आगाऊ पैसे मागायची वेळ आली की मेलमध्ये आधी हवापाण्याची चौकशी करतो.

गरज आहे म्हणून आगाऊ मागू नये. घरभाडं, मुलीची फी ही कारणं खरी असतात, पण ती ऐकून समोरचा घासाघीस करायला बसतो. खरं कारण वेगळंच आहे: काम सांगणारा आणि पैसे देणारा बहुधा एकच माणूस नसतो. गिंडीच्या ऑफिसातला मार्केटिंगवाला ‘उद्याच सुरू करा’ म्हणतो, तेव्हा त्याच्या अकाउंट्सला आपण या जगात आहोत याचाही पत्ता नसतो. आगाऊ मागितलं की व्हेंडरचा फॉर्म, पॅन, रद्द केलेला चेक, परचेस ऑर्डर हे सोपस्कार सुरुवातीलाच उरकतात. काम दिल्यावर ते निघाले, तर ‘साहेब रजेवर आहेत’ ऐकत महिने जातात. शिवाय त्या मार्केटिंगवाल्याला पैसे मंजूर करून आणता येतात का, तेही कळतं.

शब्द साधे ठेवावेत. साठ हजारांचं काम असेल तर मी असं लिहितो: ‘पुस्तिकेच्या अनुवादाचे एकूण 60,000 रुपये. निम्मे आगाऊ, प्रोफॉर्मा इन्व्हॉइस सोबत आहे. रक्कम जमा झाल्यापासून कामाच्या बारा दिवसांत मसुदा देईन. उरलेली रक्कम अंतिम फाइलच्या आधी.’ यात ‘शक्य झाल्यास’ नाही, दिलगिरी नाही. सगळी मेख ‘जमा झाल्यापासून’मध्ये आहे. पैसे लांबले की मसुदाही लांबतो, मग घाई असलेला ग्राहक अकाउंट्सला स्वतःच फोन लावतो.

खात्यात तीसऐवजी सत्तावीस हजार आले तर भांडायला धावू नका. दहा टक्के टीडीएस कापलेला असतो. तो आपल्या पॅनवर जमा झाला की नाही, एवढं नंतर बघायचं.

‘आमच्याकडे आगाऊ द्यायची पद्धत नाही,’ असंही उत्तर येतं, आणि मोठ्या कंपन्यांत ते खरंही असतं. तिथे मी अडून बसत नाही. पहिली दहा पानं वेगळी करून देतो, त्यांचं वेगळं बिल लावतो आणि ते चुकतं झालं की पुढचं पान उघडतो. बिल थकलंच, तर बुडतात ती दहाच पानं.

यालाही नकार देऊन ‘पुढे भरपूर काम आहे’ असं सांगणारे भेटतात. त्यांचं काम मी घेत नाही.